टीका कुणाची, त्रास कुणाचा?

जानेवारी 2013. केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक मेरी बिअर्ड बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये स्थलांतरितांच्या बाजूने बोलल्या. स्थलांतरितांमुळे गावातल्या सेवांवर ताण येतो, असे सांगत प्रेक्षकांतील एका बाईंनी त्यांना विरोध केला. इंटरनेटवर मात्र अनेकांनी बिअर्ड यांच्या केसांवर, दातांवर, शरीरावर गलिच्छ शेरे मारले.

फरक इथेच दिसतो. त्या बाईंचा आक्षेप विधानावर होता आणि तो तपासता येत होता. अशा टीकेला उत्तर द्यावे, भाषा तिखट असली तरी. शिवीगाळीत मात्र तपासण्याजोगे काहीच नसते. एका मुद्द्याला उत्तर मिळताच समोरचा दुसरा काढत राहिला, तर थांबावे.

त्याच वर्षी एका विद्यार्थ्याने ट्विटरवर बिअर्ड यांना अश्लील शिवी दिली. त्यांनी ती सर्वांना दिसेल अशी पुन्हा प्रसिद्ध केली. त्याने माफी मागितली, पुढे दोघे जेवायलाही भेटले. पण हा उपाय सर्रास वापरण्याजोगा नाही, कारण अनेकांना अशी प्रसिद्धीच हवी असते.

एखाद-दुसऱ्या टोमण्याकडे दुर्लक्ष पुरते. इतरांचा संवाद बिघडू लागला, तर मजकूर लपवावा. इन्स्टाग्रामवर एखाद्याला ‘रिस्ट्रिक्ट’ केले, की त्याची नवी प्रतिक्रिया त्याला स्वतःला दिसते, इतरांना दिसत नाही. त्याला सूचनाही जात नाही, त्यामुळे नवा वाद पेटत नाही.

धमकी मात्र दुर्लक्षून किंवा लपवून भागत नाही. बिअर्ड यांना बॉम्बची धमकी आली, तेव्हा त्यांनी पोलिसांना कळवले. अशा वेळी आधी तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावा.