सिमकार्डाचा राउटर कोणत्या खिडकीत ठेवावा?



मळ्यातील वस्त्यांवर फायबरची तार सहसा पोचत नाही, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी सिमकार्डावर चालणारा राउटर घेतला आहे. तो बहुधा टीव्हीशेजारी, नाहीतर लोखंडी कपाटावर ठेवलेला आढळतो. मग मुलांचा अभ्यास मध्येच अडकतो, ७/१२ उघडत नाही, आणि शिव्या कंपनीला बसतात. कंपनीचा दोष असेलही. पण तो ठरवण्याआधी जागा तपासावी. त्याला पैसा लागत नाही, तासभर सवड मात्र लागते.

टॉवरकडून येणारी लहर काँक्रीटच्या भिंतीत व स्लॅबमध्ये बरीच मुरते, आणि पत्र्याला तर आपटून परत फिरते. साध्या काचेतून ती सहज आत येते. म्हणून खिडकी. मात्र आरशासारखी चमकणारी काच असेल तर तिच्यावर धातूचा पातळ थर असतो आणि तो लहर अडवतो. खिडकी उघडून एकदा व लावून एकदा आकडा बघितला की काच कशी आहे ते कळतं.

आता आकडा कोणता, ते पाहू. राउटरवरच्या दिव्यांवर विसंबू नये. ते फार ठोकळ असतात. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर `192.168.1.1` किंवा तत्सम पत्ता व पासवर्ड असतो. वायफाय जोडलेल्या मोबाईलवर तो पत्ता उघडला की सिग्नलच्या पानावर `RSRP` आणि `SINR` हे दोन आकडे सापडतात.

`RSRP` म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा पोचतो ते. तो उणे असतो, म्हणून कर्जासारखा वाचावा: जितका कमी तितका बरा. -90 चांगला, -100 चालण्याजोगा, -110 च्या खाली अशक्त. दहाचा फरक किरकोळ समजू नये. -95 ला -105 च्या दहापट शक्ती असते. `SINR` म्हणजे तो आवाज बाकीच्या गलक्यातून किती स्पष्ट निघतो ते. जत्रेत शेजारचा माणूस ओरडला तरी कळत नाही, रात्रीच्या शांततेत हळू बोललेलंही कळतं, तसंच हे. हा आकडा जितका मोठा तितका चांगला: 20 उत्तम, 13 च्या वर समाधानकारक, 5 च्या खाली अडचण.

एका सभासदाच्या वस्तीवर आम्ही हे मोजून पाहिले. राउटर कपाटावर असताना `RSRP` -112 आणि `SINR` 2 होता. वेग 3 एमबीपीएस. पूर्वेच्या खिडकीतून गावचा टॉवर व हमरस्त्याचा टॉवर असे दोन्ही दिसतात, म्हणून घरच्यांनी तीच जागा धरली होती. तिथे `RSRP` -93 झाला, पण `SINR` फक्त 4, आणि वेग 9 वर अडला. स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडील खिडकीत `RSRP` -99, म्हणजे आवाज लहानच. पण `SINR` 15 आणि वेग 28! कारण असे की दोन्ही टॉवर एकाच कंपनीचे, त्याच पट्ट्यावर बोलणारे. पूर्वेला दोघांचा आवाज एकमेकांत मिसळत होता. दक्षिणेला घराच्याच भिंतीने हमरस्त्याचा टॉवर झाकला. म्हणजे टॉवर नुसता दिसतो यावरून खिडकी निवडू नये. प्रत्येक जागी राउटर दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवावा, मग आकडे लिहून घ्यावेत. एकाच खिडकीत दोन फूट सरकवल्यानेही फरक पडतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. उभा ऊस दहा-बारा फूट वाढला की त्याच्या ओल्या पानांत लहर मुरते. टॉवर व खालची खिडकी यांच्यामध्ये फड उभा असेल तर पावसाळ्यात आकडे घसरतात आणि तोड झाली की सुधारतात. माडीची खिडकी असेल तर ती आधी तपासावी. तोडीनंतर केलेली मोजणी पुढच्या भाद्रपदात लागू पडेलच असे नाही.

खिडकीत थेट ऊन वा पावसाचे शिंतोडे येत असतील तर राउटर आतल्या बाजूला, सावलीत ठेवावा. तापला की तो मंदावतो. तिथून मागच्या खोलीत वायफाय पोचत नसेल, तर राउटर हलवू नये, लॅन केबलने दुसरा साधा वायफाय राउटर आत जोडावा.

सकाळी वेग ठीक आणि रात्री आठ-नऊला पडतो, पण दोन्ही आकडे जसेच्या तसे, असे आढळले तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे खिडक्या बदलून उपयोग नाही. त्याच ठिकाणी दुसऱ्या कंपनीचे सिम लावून पाहावे. आणि सगळ्या खिडक्यांत `RSRP` -115 च्या खालीच राहिला, तर छपरावर बाहेरचा अँटेना लागेल. तो घेण्याआधी आपल्या राउटरला अँटेनाची वायर जोडण्याचे छिद्र आहे का, ते मागे बघून घ्यावे. पुष्कळ राउटरना ते नसतंच.