चॅनेलचा मालक कोण? भागधारकांची यादी पुरेशी नाही

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या भागधारकांचा तक्ता दर तिमाहीला बीएसईच्या संकेतस्थळावर येतो. २०२२च्या उन्हाळ्यात एनडीटीव्हीचा तक्ता उघडला असता, तर प्रवर्तकांकडे ६१.४५ टक्के भाग दिसले असते. त्यात प्रणय रॉय व राधिका रॉय यांचे मिळून सुमारे ३२ टक्के आणि ‘आरआरपीआर होल्डिंग’ या कंपनीचे २९.१८ टक्के. आरआरपीआर ही अक्षरे त्या दोघांच्या नावांचीच. म्हणजे घरचीच कंपनी, असे समजून बहुतेक जण इथे थांबले असते.

थांबायचे नाही, कारण भागधारकाच्या जागी माणसाऐवजी कंपनी दिसली की तिची वेगळी फाइल काढायची असते. केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कोणत्याही कंपनीची कागदपत्रे पाहता येतात. वार्षिक विवरणपत्रात भागधारकांची नावे असतात, पण खरी गोष्ट बहुधा ताळेबंदाखालच्या टिपांत दडलेली असते: कर्ज कोणाचे, आणि कोणत्या अटीवर?

आरआरपीआरने २००९-१० मध्ये ‘विश्वप्रधान कमर्शियल’ नावाच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या कंपनीकडून ४०३.८५ कोटी रुपये घेतले, तेही बिनव्याजी. एवढी रक्कम कोणी फुकट देते का? बदल्यात विश्वप्रधानला वॉरंट मिळाले होते. मनात येईल तेव्हा ते भागांत बदलून आरआरपीआरचे ९९.९९ टक्के भाग घेण्याचा हक्क त्यात होता. विश्वप्रधानकडे हा पैसा आला होता रिलायन्स समूहातल्या एका कंपनीकडून. पुढे खुद्द विश्वप्रधानचे भाग दुसऱ्या हातांत गेले. चॅनेलच्या तक्त्यात मात्र यातले काहीच उमटले नाही, कारण वॉरंट म्हणजे भाग नव्हेत.

२३ ऑगस्ट २०२२ला अदानी समूहाने विश्वप्रधान विकत घेतली. तिने वॉरंट वापरून आरआरपीआरचे ९९.५ टक्के भाग मागितले. रॉय दांपत्याला विचारलेही नव्हते, असे एनडीटीव्हीने जाहीर केले. त्या २९ टक्क्यांबरोबर नियमानुसार आणखी २६ टक्क्यांसाठी खुला प्रस्ताव द्यावा लागला. वर्षअखेरीस रॉय यांनी स्वतःचेही बहुतेक भाग विकले आणि नियंत्रण अदानींकडे गेले.

म्हणजे माग काढताना दोन धागे धरायचे: भाग कोणाचे आणि उसना पैसा कोणाचा. दुसरा धागा अवघड. मूळ करार निबंधकाकडे नोंदवलेला असेलच असे नाही, आणि टिपेतही सावकाराचे नाव गाळून नुसते ‘असुरक्षित कर्ज’ लिहिलेले सापडते. अशा वेळी सावकाराच्या बाजूने शोधावे. ज्या कंपनीवर संशय आहे तिचा त्याच वर्षाचा ताळेबंद काढून ‘दिलेली कर्जे’ या रकान्यात तेवढीच रक्कम आहे का, ते पाहावे. सेबीपर्यंत तंटा गेला असेल, तर तिच्या आदेशांत कराराची कलमे अनेकदा तपशिलाने दिलेली असतात. विश्वप्रधानच्या कराराची चर्चा तिथे २०१८मध्येच झाली होती.