बिल्टी, भिजलेला माल आणि वाहतूकदाराला नोटीस

रस्त्याने पाठवलेला माल वाटेत खराब झाला, तर विमा काढलेल्या व्यापाऱ्याला दोन पत्रे लिहावी लागतात. एक विमा कंपनीला, भरपाई मागणारे. दुसरे वाहतूकदाराला, त्याला जबाबदार धरणारे. पहिले कोणी विसरत नाही. पैसे विमा कंपनी देणार, मग ट्रान्स्पोर्टवाल्याशी वैर कशाला, अशा विचाराने दुसरे मात्र राहून जाते.

ते पत्र मुळात विमा कंपनीच्या उपयोगाचे असते. भरपाई दिल्यावर विमा कंपनी विमेदाराच्या जागी येते आणि वाहतूकदाराकडून वसुली करू शकते. पण तिला विमेदाराला होता तेवढाच हक्क मिळतो. विमेदाराने तो गमावला असेल, तर कंपनीच्या हाती काही लागत नाही. म्हणूनच मालवाहतुकीच्या पॉलिसीत हा हक्क शाबूत ठेवण्याची अट असते, आणि ती मोडली तर कंपनी दावा कापू किंवा नाकारू पाहते.

रस्तावाहतूक कायदा, 2007 च्या कलम 16 नुसार, नुकसानीची लेखी नोटीस आधी दिल्याशिवाय वाहतूकदारावर दावा लावता येत नाही. ही नोटीस माल बुक झाल्यापासून 180 दिवसांत द्यावी लागते. दिवस बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, नुकसान कळल्यापासून नव्हे. ती तारीख बिल्टीवर असते.

समजा, इचलकरंजीहून 12 जूनला कापडाच्या 40 गाठी नागपूरला निघाल्या. पॉलिसी विक्रेत्याची आहे आणि खरेदीदाराच्या गोदामापर्यंत लागू आहे. ताडपत्री फाटल्याने वाटेत 9 गाठी भिजल्या. गोदामातला माणूस बिल्टीच्या पोचप्रतीवर नुसती सही करून मोकळा झाला, तर माल सुस्थितीत मिळाला असाच अर्थ वाहतूकदार लावणार. म्हणून सहीआधी तिथेच शेरा हवा: ‘9 गाठी ओल्या, ताडपत्री फाटलेली.’ चालकाची सही, ट्रक उभा असतानाचे फोटो आणि वाहतूकदाराकडून नुकसानीचा दाखला मिळाला, तर पुढचे वाद बरेच कमी होतात. ओल्या गाठी वेगळ्या काढून वाळत घालायच्या. नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचेच काम. मात्र सर्व्हेअरने पाहण्याआधी त्या विकायच्या नाहीत.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. पत्रात पॉलिसी क्रमांक, बिल्टी क्रमांक व तारीख, बीजकाची रक्कम, नुकसानीचा अंदाज, माल कुठे ठेवला आहे हे लिहून सर्व्हेअर पाठवण्याची विनंती करावी. बीजक, पॅकिंग यादी, शेऱ्यासह बिल्टी आणि वाहतूकदाराला दिलेल्या नोटिशीची प्रत दाव्यासोबत जाते.

नोटीस छोटी असली तरी चालते. तिचा गाभा असा:

‘दि. 12 जूनच्या आपल्या बिल्टीखाली सुस्थितीत सोपवलेल्या 40 गाठींपैकी 9 गाठी भिजलेल्या अवस्थेत मिळाल्या. अंदाजे नुकसान 1,80,000 रुपये असून त्यास आपण जबाबदार आहात. ही रस्तावाहतूक कायद्याच्या कलम 16 खालील नोटीस समजावी. मालाची पाहणी करायची असल्यास सात दिवसांत करावी. आमचे व आमच्या विमा कंपनीचे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहोत.’

हे पत्र पोचपावती मिळेल अशा टपालाने वाहतूकदाराच्या मुख्य कार्यालयाला पाठवावे. फोन किंवा बुकिंग क्लार्कशी बोलणे म्हणजे नोटीस नव्हे. नेमका आकडा ठरायची वाट पाहू नये, अंदाज पुरतो. या उदाहरणात 9 डिसेंबरला 180 दिवस भरतात. सर्व्हे, दुरुस्त्या, दिवाळी यांत ते सहज सरतात.

वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे कायदा दावेदारावर टाकत नाही, पण भरपाईला मर्यादा घालतो. जादा जोखमीचा दर देण्याचे मान्य केले नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. 9 गाठींची किंमत 2,70,000 आणि ओल्या कापडाचे 90,000 आले, तर नुकसान 1,80,000. सर्व्हेअरला हा आकडा पटला आणि पॉलिसीत काही कपात नसेल, तर विमा कंपनी तेवढी रक्कम देईल. भाडे 14,000 असेल, तर वाहतूकदाराकडून तिला 1,40,000 पेक्षा जास्त मिळणार नाहीत.

घात बहुधा ओळखीपोटी होतो. वाहतूकदार म्हणतो, ‘यावेळचे भाडे सोडून द्या, विषय मिटवा.’ 14,000 रुपयांवर ‘हिशेब पूर्ण’ अशी सही झाली, की त्याच्यावरचा हक्क संपतो आणि विमा कंपनी उरलेल्या दाव्यावर बोट ठेवते. तडजोड करायचीच असेल, तर आधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. दावा मंजूर होताना कंपनी वसुलीचे हक्क सोपवणाऱ्या पत्रावर विमेदाराची सही घेते. पुढे खटला झालाच, तर त्याचे नाव त्यात असू शकते. म्हणून पैसे मिळाल्यावरही शेरा असलेली मूळ बिल्टी आणि नोटिशीची पोचपावती जपून ठेवावी लागते.