बंद खोलीत कॉईल नको, मच्छरदाणी लावा

एका वस्तीत आरोग्य तपासणीसाठी गेलो असता एक आई म्हणाली, "ताई, पोरगं रात्रभर खोकतं, दिवसा मात्र ठीक असतं." घर दहा बाय दहाचं, पाचजण झोपणारे. डास येतात म्हणून खिडकी बंद आणि पायथ्याशी जळती कॉईल. आम्ही तिला आठवडाभर कॉईल बंद ठेवून मच्छरदाणी लावायला सांगितले. पुढच्या भेटीत ती म्हणाली, रात्रीचा खोकला बराच कमी झाला.

कॉईलमध्ये डासांचे औषध अगदी थोडे असते, बाकी सारा जळणारा भुसा. ती सात-आठ तास धुमसते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉईलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींएवढे भरले होते. बंद खोलीत तो धूर झोपलेल्यांच्याच छातीत जातो. लावायचीच असेल तर तिन्हीसांजेला दार-खिडकी उघडी ठेवून लावा आणि झोपण्यापूर्वी विझवा. दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर तीही नको. डासांच्या अगरबत्तीचेही तेच, शिवाय पुड्यावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय घातले आहे ते कळायला मार्ग नाही.

लिक्विडच्या मशीनला धूर नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण औषध हवेत साठतेच. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, डोके जड झाले तर मशीन बंद करून खिडकी उघडावी. एरवीही खिडकी थोडी उघडी हवी, तिला जाळी बसवली की काम भागते. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. त्यात बहुधा रॉकेलच्या जातीचे द्रव असते. मूल प्यायले तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरू शकते. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

बंद खोलीत निर्धोक म्हणावी अशी मच्छरदाणीच. वीज गेली तरी ती काम करते! मात्र "लावली तरी चावतात" ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. कारण बहुधा लावण्यात असते. खालची कड गादीखाली, जमिनीवर झोपत असाल तर गोधडीखाली, चारी बाजूंनी खोचा. आत शिरल्यावर टॉर्चने कोपरे पाहून अडकलेला डास मारा. सकाळी फक्त कोपरावर किंवा गुडघ्यावर गांधी दिसल्या, तर समजा अंग जाळीला टेकत होते आणि डासाने बाहेरूनच सोंड घातली. मोठी मच्छरदाणी घ्या. अंगभर गांधी असतील तर भोक शोधा आणि शिवा. औषध लावलेली मच्छरदाणी नवीन असताना एक दिवस सावलीत पसरून ठेवावी. धुतल्यावरही सावलीतच वाळवावी, उन्हाने औषध उडते.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळावरही छत्रीची मच्छरदाणी हवी.