हप्त्यातलं व्याज कधी कमावलं?

दुकानदाराने 1 एप्रिलला शिलाई मशीन हप्त्यावर विकलं. रोख किंमत 21,000 रुपये, व्याज दरसाल 10 टक्के आणि दर 31 मार्चला 12,100 चे दोन हप्ते. म्हणजे हाती येणार 24,200.

पण ही सगळी विक्री नव्हे. वहीत गिऱ्हाइकाच्या नावे 24,200 येणे पडतं. विक्रीखाती 21,000 जमा होतात. उरलेले 3,200 ‘न कमावलेलं व्याज’ या वेगळ्या खात्यात थांबतात. मशीन आज दिलं, पण उधारीची मुदत अजून सरायची आहे.

पहिल्या वर्षी 21,000 अडकले होते, म्हणून 2,100 व्याज कमावलं. तेवढंच उत्पन्नात न्यायचं. हप्त्यातले उरलेले 10,000 मुद्दलात वळते होतात. दुसऱ्या वर्षी 11,000 वर 1,100.

अनेक जण 3,200 चे सरळ दोन भाग करतात. चूक पडताळणीत दिसते: पहिल्या वर्षाअखेर येणे 12,100, त्यातून न कमावलेलं व्याज 1,100 वजा केलं की बाकी मुद्दल 11,000 यायलाच हवं. समान वाटणीत 1,600 वजा होऊन 10,500 च उरतात.