टेरिटोरियल आर्मीचं वार्षिक शिबिर आणि नोकरीतली रजा: अर्जासोबत आदेशाची प्रत का जोडावी लागते?

2019 च्या जुलैमध्ये महेंद्रसिंग धोनीने वेस्ट इंडीज दौऱ्यातून माघार घेतली आणि काही दिवसांतच तो काश्मीरमध्ये टेरिटोरियल आर्मीच्या पॅराशूट बटालियनसोबत दिसला. लेफ्टनंट कर्नल हे त्याचं पद मानद. त्याच्या सुट्टीची बातमी झाली, पण या दलातल्या साध्या जवानाला दरवर्षी जावं लागतं ते आपल्या साहेबाकडे किंवा एचआरकडे. तिथून रजा मिळेल का, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

नोकरी असेल तरच प्रवेश

टेरिटोरियल आर्मीला मराठीत प्रादेशिक सेना म्हणतात. 1948 च्या कायद्याने ती उभी राहिली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. महाराष्ट्रात पुणे आणि कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन आहेत.

या सेनेत स्वेच्छेने जाता येतं, पण ती पूर्णवेळ नोकरी नव्हे. उलट, उमेदवाराकडे उपजीविकेचं दुसरं साधन असावं ही भरतीचीच अट आहे. एरवी आपलं काम करायचं, वर्षातून ठरावीक काळ गणवेश घालायचा. प्रांतिक प्रकारच्या युनिटमध्ये हा काळ साधारण दोन महिन्यांचा असतो. म्हणजे ज्या नोकरीमुळे प्रवेश मिळाला, तीच नोकरी दरवर्षी दोन महिने थांबवायची. गुंता इथेच आहे.

कायदा काय देतो, काय देत नाही?

कायद्याच्या कलम 7 मध्ये सैनिकी सेवेच्या व्याख्येतच प्रशिक्षणासाठी बोलावणं येतं. त्याला जोडून कलम 7-ए आहे. सैनिकी सेवा संपल्यावर मालकाने त्या व्यक्तीला कामावर परत घ्यावं, आणि मधे खंड पडला नसता तर ज्या अटी लागू असत्या त्यापेक्षा कमी अटींवर नाही, असं ते सांगतं. कलम 7-बी भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क जपतं.

पण पगारी रजा द्यावी, असं ही दोन्ही कलमं कुठेही म्हणत नाहीत. ती नोकरी वाचवतात, पगार नाही. सरकारी खात्यांमध्ये यासाठी वेगळ्या सूचना असतात, आपल्या आस्थापना शाखेत त्या बघायला मिळतात. खासगी कंपनीत मात्र ही रजा पगारी की बिनपगारी, हे कंपनीच्या धोरणावर आणि बऱ्याचदा साहेबाच्या समजूतदारपणावर ठरतं.

मालकाने परत घ्यायला नकार दिला तर प्रकरण नियमांत ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे नेता येतं. तो अधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकतो किंवा भरपाई ठरवू शकतो. भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांच्या पगाराएवढी. आदेश न पाळणाऱ्या मालकाला दंड एक हजार रुपयांपर्यंत! एखाद्या मोठ्या कंपनीचा चहाचा दिवसाचा खर्चही याहून जास्त असेल. म्हणून जवानाची भिस्त दंडावर नाही, कागदावर असते.

आदेशावर इतका भर कशासाठी?

नुसतं 'शिबिराला जायचंय' असं सांगितलं तर कार्यालयाच्या लेखी ती खासगी सुट्टी असते. युनिटचा आदेश जोडला की अनुपस्थितीचं कारण बदलतं. बोलावणं सेनेकडून आलं, ते कधीपासून कधीपर्यंत आहे आणि कोणत्या तारखेला निघालं, हे त्यावरून सिद्ध होतं.

यातली निघाल्याची तारीख सगळ्यात मोलाची. आदेश निघाल्यानंतर मालकाने एखाद्याला कामावरून काढलं, तर कलम 7-ए ची जबाबदारी टाळण्यासाठीच काढलं, असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे मालकाला सिद्ध करावं लागतं. जवानाला कितीही आधी कळलं असलं, तरी हे गृहीतक चालू होतं ते आदेशाच्या तारखेपासून.

अर्ज कसा असावा?

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला गुणवत्ता निरीक्षक कोल्हापूरच्या युनिटमध्ये जवान आहे. आदेशानुसार त्याला 2 नोव्हेंबरला सकाळी हजर व्हायचंय आणि शिबिर 31 डिसेंबरला संपतं. हे 60 दिवस. पण त्याला 1 नोव्हेंबरला निघावं लागेल आणि परतायला 1 जानेवारी उजाडेल. त्याने अर्जात नुसते 62 दिवस लिहिले, तर आदेशातल्या 60 शी ते जुळत नाहीत आणि एचआरची पहिली शंका तिथेच येते. साधा उपाय म्हणजे दोन्ही वेगळे लिहायचे:

'प्रादेशिक सेनेच्या वार्षिक प्रशिक्षण शिबिरासाठी मला 2 नोव्हेंबर ते 31 डिसेंबर या काळात हजर राहण्याचा आदेश आला आहे. आदेश क्रमांक व दिनांक: … प्रवासासाठी 1 नोव्हेंबर आणि 1 जानेवारी हे दोन दिवस धरून रजा मंजूर करावी. मी 2 जानेवारीला कामावर रुजू होईन. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.'

विनंतीपत्र म्हणून एवढं पुरतं. देशसेवेवर परिच्छेद लिहायची गरज नसते, एचआरला तारखा हव्या असतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा, ईमेल केला असेल तर उत्तर जपून ठेवावं. आपल्या अनुपस्थितीत काम कोण बघणार, हे आधीच वरिष्ठांशी बोलून ठरवलं तर अर्ज टेबलावर अडकत नाही.

प्रत जोडताना एक गोष्ट सहज निसटते. एकाच आदेशात कधी कधी इतर जवानांची नावं आणि क्रमांकही असतात. तो पूर्ण कागद कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बरं नाही. अशा वेळी युनिटकडून फक्त आपल्या नावाचा उतारा मागावा आणि तो थेट एचआरकडे द्यावा. कंपनीला खातरजमा करायची असेल तर तिने आदेशावरच्या युनिटच्या पत्त्यावर पत्र पाठवावं. जवानाला 'मूळ कागद इथेच ठेव' असं सांगू नये. हजर होताना तो त्याला लागतो.

बिनसतं कुठे?

बहुतेक वेळा परतल्यावर. शिबिराच्या तारखा बदलल्या आणि जवानाने फोनवर कळवलं, पण सुधारित आदेश पाठवला नाही, तर वाढीव दिवस हजेरीपटावर विनापरवाना गैरहजेरी म्हणून चढतात. त्याचा पत्ता लागतो तो पगाराच्या पावतीतून. म्हणून बदललेला आदेश हातात पडताच त्याचीही प्रत पाठवावी आणि परतल्यावर युनिटकडून शिबिर पूर्ण केल्याचं पत्र घेऊन ते अर्जाला जोडावं.

आणि एक मुदत पाळावीच लागते. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत पुन्हा कामावर घेण्यासाठी अर्ज केला नाही, तर मालकाला तोच बचाव मिळतो. चाकणच्या निरीक्षकाला 2 जानेवारीला गेटवर 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं, तर त्याने आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी, त्याच गेटवर, रुजू होण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. त्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपते.