ऐकू, की सुचवू?

रात्री मैत्रिणीचा मेसेज येतो: 'सासूबाईंचं सगळं करून थकले गं. आता नाही होत.' लगेच आयाबाईंचा नंबर पाठवू नये. तो तिच्याकडे बहुधा असतोच. आधी तिचंच म्हणणं धरावं: 'किती दिवस एकटीच करतेयस हे!' मग विचारावं, 'आत्ता नुसतं ऐकू, की काही मार्ग काढू या? दोन्ही नको असेल तरी चालेल.' 'मी काय करू, सांग' हे मात्र टाळावं. दमलेल्या माणसाला ते आणखी एक काम होतं. ती दिवसभराचंच सांगत राहिली, तर ऐकत राहावं. 'नाही होत' म्हणजे जगणंच नकोसं झालंय, अशी शंका आली तर फोन करून आत्महत्येबद्दल थेट विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.